सनावळी आणि नामावळी : इतिहासाचे एक प्रकरण मराठीत आणताना



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना प्रथम विनम्र अभिवादन करतो. त्यांचा विषय इतिहास होता. म्हणून आजच्या व्याख्यानासाठी मी इतिहासाच्याच वर्गातला, परंतु सहसा व्यासपीठावर न येणारा एक प्रश्न निवडला आहे. तेलुगू पाठ्यपुस्तकातील इतिहासाचे एखादे प्रकरण मराठी माध्यमाच्या मुलांसाठी मराठीत आणताना त्यातील सन, शक आणि नावे यांचे काय करावयाचे, हा तो प्रश्न होय.

हा प्रश्न आपल्या जिल्ह्याला विशेष लागू आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे भाग आदिलाबादपासून वेगळे होऊन मुंबई राज्यात गेले. माणसे तीच, भाषा तीच, सोयरिकीही त्याच राहिल्या. पाठ्यपुस्तके मात्र वेगळी झाली. किनवटचा विद्यार्थी निजामाच्या राजवटीचा इतिहास मुळात मराठीत लिहिलेल्या पुस्तकातून वाचतो, तर बेला किंवा जैनथच्या मराठी शाळेतला विद्यार्थी तोच इतिहास भाषांतरातून वाचतो. पुढे दोघे एकाच महाविद्यालयात एका बाकावर बसले, तर त्यांच्या वह्यांतील साल आणि नाव एकच असले पाहिजे. ते तसे राहणे सर्वस्वी भाषांतरकाराच्या हाती असते.

उदाहरणासाठी आपण हैदराबाद संस्थानातील स्वातंत्र्यचळवळीवरचे प्रकरण घेऊ. त्यात कुमरम भीम आहेत, तेलंगणाचा शेतकरी लढा आहे आणि १७ सप्टेंबर १९४८ ही तारीख आहे. प्रकरण सोपे वाटते. कारण तेलुगू आणि मराठी या दोन्ही भाषांत संस्कृत शब्द विपुल आहेत. पण खरी अडचण ह्या सारखेपणातच आहे.

तेलुगू पुस्तकात इसवी सन ‘क्री.श.’ असा लिहितात. क्रीस्तु शकम् ह्याचे ते लघुरूप आहे. मराठी वाचकाच्या मनात ‘शक’ म्हटले की शालिवाहन शकच येतो. वरंगलचे काकतीय राज्य ‘क्री.श. १३२३’ मध्ये संपले, हे वाक्य घाईत असणाऱ्या भाषांतरकाराने ‘शके १३२३’ असे उतरवले, तर ते राज्य आपण इसवी सन १४०१ पर्यंत चालवले असे होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा हा फरक एका अक्षरातून उपजतो. शिवाय वाक्य व्याकरणाने शुद्ध असल्यामुळे मुद्रितशोधकाच्या डोळ्यांना तो दिसत नाही. म्हणून पहिला नियम असा की ‘क्री.श.’ ला मराठीत नेहमी ‘इ.स.’ आणि ‘क्री.पू.’ ला ‘इ.स.पू.’ लिहावे, आणि ‘शके’ हा शब्द केवळ शालिवाहन शकासाठी राखून ठेवावा.

अशीच गोष्ट ‘संवत्सरम्’ ह्या शब्दाची. तेलुगूत त्याचा साधा अर्थ वर्ष असा आहे. मराठीत संवत्सर म्हणजे प्रभव, विभव अशा साठ नावांच्या चक्रातील एक. तिसरा शब्द ह्या सर्वांहून अधिक जोखमीचा आहे. तेलुगूत ‘राष्ट्रम्’ म्हणजे राज्य किंवा प्रांत. ‘हैदराबाद राष्ट्रम्’ हे शब्द तसेच ठेवून ‘हैदराबाद राष्ट्र’ असे छापले, तर १९४७-४८ मध्ये निजामाने स्वतंत्र राहण्याचा जो दावा केला होता, तो आपल्या पाठ्यपुस्तकाने मान्य केल्यासारखे होईल! तेथे ‘हैदराबाद संस्थान’ किंवा ‘हैदराबाद राज्य’ असेच हवे.

आता सनांकडे वळू. निजामाच्या राज्यात एकाच वेळी अनेक कालगणना चालत. दरबारी फर्मानांवर हिजरी सन असे. महसुलाच्या आणि कारभाराच्या कागदांवर फसली सन असे. गावात पाडव्याला बदलणारा शालिवाहन शक चालत असे, आणि इंग्रजी पत्रव्यवहारात इसवी सन. फसली सनाचा जन्मच सोयीतून झाला. हिजरी वर्ष चांद्र असून सुमारे ३५४ दिवसांचे असते, त्यामुळे ते ऋतूंशी जुळत नाही आणि पिकावर आधारलेला सारा वसूल करण्यास निरुपयोगी ठरते. म्हणून मोगल काळात पिकांच्या हिशोबाचा हा सौर सन रूढ झाला आणि पुढे दख्खनमध्ये आला. ह्या सभेत असे वडीलधारे असतील की ज्यांच्या घरच्या जुन्या जमिनीच्या कागदांवर तो अजूनही वाचता येतो.

निजामाच्या राज्यातील फसली वर्ष आजूर महिन्यापासून, म्हणजे ६ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होई. फसली १३५० हे वर्ष ऑक्टोबर १९४० मध्ये सुरू होऊन ऑक्टोबर १९४१ मध्ये संपले. त्यामुळे फसली आकड्यात वर्षारंभापासून डिसेंबरपर्यंतच्या घटनेसाठी ५९० आणि जानेवारीपासून पुढे वर्षाखेरपर्यंतच्या घटनेसाठी ५९१ मिळवावे लागतात. मूळ मजकुरात महिना नसेल, तर एकच इसवी वर्ष देण्याचा मोह भाषांतरकाराने टाळावा आणि ‘फसली १३५० (इ.स. १९४०-४१)’ असे लिहावे. जोडवर्ष दिसायला जरा जड असते, पण ते खरे असते.

येथे दोन खड्डे आहेत. पहिला हिजरीचा. १९४० च्या सुमारास फसली आणि हिजरी सनांचे आकडे एकमेकांच्या अगदी जवळ आले होते. १९४० च्या ऑक्टोबरात फसली १३५० सुरू झाले, तेव्हा हिजरी सन १३५९ चालू होता. आता मुळात नुसते ‘सन १३५०’ असेल आणि भाषांतरकाराने तो हिजरी समजून हिशेब केला, तर त्याला १९३१-३२ हे वर्ष मिळेल. घटना नऊ वर्षे मागे जाईल आणि तरीही उत्तर अशक्य वाटणार नाही. अशक्य उत्तर आले की माणूस थबकतो. शक्य वाटणारे चुकीचे उत्तर मात्र निमूटपणे छापले जाते. तेव्हा सनाचे नाव नसलेला आकडा रूपांतरित करू नये. आधी तो कोणत्या प्रकारच्या कागदातून आला हे पाहावे. महसुलाचा कागद असेल तर फसलीची शक्यता अधिक, फर्मान असेल तर हिजरीची.

दुसरा खड्डा फसलीच्या पोटातच आहे. मद्रास इलाख्याच्या पद्धतीचे फसली वर्ष १ जुलैला सुरू होते आणि आंध्र-तेलंगणाच्या महसूल खात्यात पुढे हीच पद्धत रूढ झाली. आजच्या तलाठ्याला विचारून आलेला हिशेब निजामकालीन कागदाला लावला, तर जुलै ते सप्टेंबर ह्या तीन महिन्यांतील घटनांचे फसली वर्ष एकाने चुकते. १ सप्टेंबर १९४० हा दिवस जुलैच्या गणनेने फसली १३५० मध्ये पडतो, तर निजामाच्या गणनेने तो अजून फसली १३४९ मध्येच असतो.

मी १ सप्टेंबर १९४० हाच दिवस का निवडला, ते आता सांगतो. जोडेघाटच्या डोंगरात निजामाच्या पोलिसांशी लढताना कुमरम भीम १९४० मध्ये धारातीर्थी पडले. वर्षाविषयी सर्वसाधारण एकमत आहे. दिवसाविषयी नाही. काही ठिकाणी १ सप्टेंबर वाचावयास मिळते, काही ठिकाणी २७ ऑक्टोबर. आणि जोडेघाटला दरवर्षी लोक जमतात ते ह्यांपैकी कोणत्याही तारखेला नव्हे, तर आश्विन पौर्णिमेला. तेलुगूत तिला आश्वयुज पौर्णिमा म्हणतात. आपली ती कोजागिरी.

समजा, आपल्यासमोरच्या प्रकरणात मजकुरात २७ ऑक्टोबर १९४० दिले आहे आणि चौकटीत पुण्यतिथी आश्विन पौर्णिमा म्हणून दिली आहे. हे दोन्ही एकच दिवस आहेत का? ते पाहण्यास जुने पंचांग हाताशी नसले तरी चालते. १ ऑक्टोबर १९४० रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले होते. ते आपल्याकडे दिसले नाही. दक्षिण अमेरिका आणि दक्षिण आफ्रिकेतून दिसले. पण सूर्यग्रहण अमावास्येलाच होते, तेव्हा त्या दिवशी अमावास्या होती हे निश्चित. त्या वर्षी अधिक मास नव्हता, म्हणून ती भाद्रपद अमावास्या, आपली सर्वपित्री. तिच्यापुढे सुमारे पंधरा दिवस मोजले की आश्विन पौर्णिमा १६ ऑक्टोबरला येते. २७ ऑक्टोबर हा तिच्यानंतरचा अकरावा दिवस, म्हणजे कृष्ण पक्षातला. १ सप्टेंबर तर अमावास्येला लागून येतो. तात्पर्य, छापील तारखा आणि लोकांची तिथी ह्यांचा मेळ बसत नाही.

मग भाषांतरकाराने काय करावे? स्वतःच्या गणिताच्या बळावर पाठ्यपुस्तकात १६ ऑक्टोबर घालू नये. तिथी हीच मूळ आठवण आहे, की ती पुढे स्मृतिदिनासाठी ठरली, हे पंचांग सांगू शकत नाही. चौकटीतील तिथी काढून टाकून विसंगती झाकूही नये. त्याने दोन्ही गोष्टी मुळात आहेत तशा उतरवाव्यात, तिथीचे इंग्रजी तारखेत रूपांतर करू नये, आणि वेगळ्या कागदावर ही विसंगती आकडेमोडीसह संपादक मंडळाकडे पाठवावी. मंडळाने ठरवले तर मजकुरात ‘१९४० मध्ये’ एवढेच ठेवता येईल आणि तिथी स्मृतिदिन म्हणून राहील. हा निर्णय मंडळाचा. त्यासाठी लागणारी माहिती समोर ठेवणे हे काम भाषांतरकाराचे.

मूळ सन पुसू नये, असे मी का म्हणतो, हेही येथे लक्षात येईल. ह्या घटनेचा एखादा जुना कागद पुढे आला आणि त्यावर फसली १३४९ असेल, तर घटना ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापूर्वीची ठरेल. १३५० असेल तर त्यानंतरची. एका आकड्याने सप्टेंबर आणि ऑक्टोबरचा वाद सुटू शकेल. पण तो कागद उद्धृत करणाऱ्याने सोयीसाठी नुसते १९४० लिहून फसली आकडा गाळला, तर तो पुरावाच नाहीसा होतो. म्हणून मूळ सन आधी आणि इसवी सन कंसात, हा क्रम बदलू नये.

आता नावे. प्रथम भीमांचे नाव पाहू. तेलुगूत ते कोमुरम, कोमरम, कुमरम, कुमुरम असे नाना तऱ्हांनी लिहिलेले आढळते. २०१६ मध्ये आदिलाबादचे विभाजन होऊन आसिफाबादचा जो नवा जिल्हा झाला, त्याला दिलेल्या ह्याच नावाची रूपेही कागदोपत्री बदलत गेली. मराठीत कोमराम, कुमराम अशी रूपे दिसतात. मुळात कुमरा हे गोंडांचे कुळनाव आहे. त्या कुळाची मुले आपल्या शाळांत बसतात. पुस्तकातील नाव आपले आहे हे त्यांना ओळखता आले पाहिजे.

‘कुमराम’ हे रूप कसे आले असावे? रोमन लिपीत अ आणि आ ह्यांना एकच अक्षर आहे. त्या लिपीतून नाव वाचताना मराठी डोळ्याला शेवटी ‘राम’ दिसतो आणि हात दीर्घ आ लिहून मोकळा होतो. शेजारी आत्राम हे खरोखरच आ असलेले नाव असल्यामुळे ते खटकतही नाही. तेलुगू लिपीत मात्र तेथे ऱ्हस्व अ आहे. ‘कुमरम’ असे लिहिले, तर मराठी वाचक मधल्या अक्षरातील अ आपोआप गाळून ‘कुम्-रम’ असेच वाचतो, आणि उच्चार मुळाच्या जवळ जातो. म्हणून मी ‘कुमरम भीम’ लिहितो. दुसऱ्या कोणी सकारण दुसरे रूप निवडले तर माझी हरकत नाही. पण निवड एकदाच व्हावी आणि ती पुस्तकभर पाळली जावी.

ह्या एका नावातून तीन सर्वसाधारण गोष्टी शिकता येतात.

पहिली अनुस्वाराची. तेलुगूत शब्दाच्या शेवटचा म् पूर्णबिंदूने दाखवतात. ते अक्षरशः उतरवले तर ‘भीं’ आणि ‘निजां’ असे होईल. मराठीत तेथे पूर्ण ‘म’ हवा. त्याचप्रमाणे तेलुगू शब्दाच्या अंती येणारे ‘डु’, ‘लु’, ‘उ’ हे प्रत्यय किंवा स्वर नावाचे अंग नव्हेत. प्रतापरुद्रुडु म्हणजे प्रतापरुद्र, काकतीयुलु म्हणजे काकतीय, औरंगजेबु म्हणजे औरंगजेब.

दुसरी गोष्ट नावांच्या क्रमाची. तेलुगूत घराण्याचे नाव आधी येते, गोंडांतही कुळनाव आधी लिहितात. म्हणून पुढच्या वाक्यात संक्षेपाने उल्लेख करावयाचा तर ‘भीम’ म्हणावे, ‘कुमरम’ नव्हे. तेलंगणाच्या शेतकरी लढ्याचे नेते रावी नारायणरेड्डी ह्यांचे नाव ह्या बाबतीत बोलके आहे. इंग्रजीतून भाषांतर करणारा ते हटकून ‘रवी नारायण रेड्डी’ असे लिहितो, कारण रवी हे आपल्याकडे मुलाचे नाव आहे. तेलुगूत ते ‘रावी’ आहे आणि ते त्यांच्या घराण्याचे नाव आहे. म्हणून नावाचे रूप इंग्रजी आवृत्तीवरून कधीही ठरवू नये. मजकूर समजण्यासाठी इंग्रजीचा आधार घ्यावा. नावासाठी मूळ लिपीकडेच जावे.

तिसरी गोष्ट रूढीची. ज्या नावाला मराठीत पूर्वीपासून घर मिळाले आहे, त्याला नवे रूप देऊ नये. तेलुगूतले गोल्कोंडा मराठी विद्यार्थ्यासाठी गोवळकोंडाच राहिले पाहिजे, कारण शिवकालाच्या इतिहासात त्याला हेच नाव भेटणार आहे. कुतुबशाही, औरंगजेब, स्वामी रामानंद तीर्थ ही नावेही तशीच. गावाचे नाव काळाप्रमाणे बदलले असेल, तर प्रसंगाच्या काळचे नाव ठेवून प्रथम उल्लेखाला आजचे नाव कंसात द्यावे : चांदा (आजचे चंद्रपूर). गोंड गावांची आणि माणसांची नावे त्या लोकांच्या तोंडून ऐकून लिहावीत. चाळीसच्या दशकात मार्लवाईला प्रा. हायमेनडॉर्फ ह्यांच्या प्रयत्नांतून गोंड शिक्षकांसाठी केंद्र उघडले, तेव्हा गोंडी भाषेची वाचनपुस्तके देवनागरी लिपीतच तयार करण्यात आली. गोंडी नाव देवनागरीत लिहिणे ही आपल्या डोंगरांत नवी गोष्ट नाही.

हे सगळे डोक्यात ठेवून चालत नाही. त्यासाठी एक वही करावी आणि तिच्यात चार रकाने पाडावेत : मुळातले रूप, ठरवलेले मराठी रूप, त्याचे कारण आणि पहिल्या उल्लेखाचे पान. सनांसाठीही तसेच पान असावे आणि त्यात मूळ आकडा, सनाचे नाव, महिना व इसवी वर्ष मांडावे. भाषांतराचे पहिले वाक्य लिहिण्यापूर्वी प्रकरणातील सर्व नावे ह्या वहीत उतरवून घ्यावीत. हे काम एका बैठकीत होते. मागाहून दुरुस्त्या करू म्हटले तर महिना जातो.

विसंगती कोठे सापडते, तेही सांगून ठेवतो. ती परिच्छेदांत क्वचितच असते. नकाशात, चित्राखालच्या ओळीत आणि स्वाध्यायात ती असते, कारण ही तीन अंगे बहुधा वेगळ्या दिवशी, वेगळ्या हातांनी मराठीत येतात. धड्यात ‘कुमरम भीम’ आणि प्रश्नात ‘कोमराम भीम’ असे आले की वर्गातील मूल ती दोन माणसे समजते, आणि त्याला दोष देता येत नाही. म्हणून शेवटची तपासणी उलट दिशेने करावी. आधी स्वाध्याय, मग नकाशे आणि चित्रे, आणि शेवटी मजकूर. वाचताना अर्थाकडे लक्ष न देता केवळ नावे आणि आकडे ह्यांखाली रेघ ओढावी. आकड्यांचे देवनागरीकरण शेवटी एकहाती करावे. हस्तलिखितात इंग्रजी नऊ आणि मराठी एक हे एकमेकांसारखे दिसतात, आणि अर्धे आकडे एका लिपीत व अर्धे दुसऱ्या लिपीत असले की १९४९ चे १९४१ व्हायला वेळ लागत नाही.

एवढे करूनही काही प्रश्न शिल्लक राहतात. तेलुगूतील ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ ह्यांना मराठी लिपीत चिन्ह नाही. ‘कोमुरम’मधला ओ आखूड आहे हे आपण लिहून दाखवू शकत नाही, शिक्षकाने ते वर्गात बोलून दाखवावे. १७ सप्टेंबरला विमोचन म्हणावे, विलीनीकरण म्हणावे की मुक्तिसंग्राम, ह्याविषयी लोकांत मतभेद आहेत. तेथे मूळ पुस्तकाने जो शब्द निवडला असेल त्याच अर्थाचा मराठी शब्द द्यावा. आपले मत भाषांतरात मिसळू नये.

वर्गात धडा वाचताना एखादा विद्यार्थी हात वर करून विचारतो, “गुरुजी, हे साल कोणते?” त्या वेळी शिक्षकाला सन, महिना आणि मूळ आकडा तिन्ही सांगता आले, तर भाषांतर पुरेसे झाले असे समजावे.